मत नको, नाव पाठवा

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि प्रवासी विमान उतरेल असा विमानतळ एकही नाही. तरीही जिल्ह्यातल्या निम्म्याअधिक घरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वर्षातून एकदा तरी विमानाच्या तिकिटांवरून रणकंदन होतंच. कारण साधं आहे. घर देवळीला, आर्वीला किंवा हिंगणघाटला राहिलं आणि घरातली माणसं पुणे, मुंबई, बंगळुरू, न्यू जर्सी इथं गेली. त्यांना एका छपराखाली आणायचं तर नागपूरच्या सोनेगावला उतरवून पुढं रस्त्यानं आणावं लागतं. या कामासाठी प्रत्येक कुटुंबात एक उत्साही माणूस असतो. बहुधा तो भाचा किंवा पुतण्या असतो, बँकेत किंवा आयटीत असतो आणि एक्सेल येतं एवढ्याच गुन्ह्यासाठी त्याच्या गळ्यात हे काम पडलेलं असतं. तो ग्रुपवर एक संदेश टाकतो आणि तिथंच स्नेहसंमेलनाचा घात होतो. नातेवाईक भांडखोर असतात म्हणून बेत फिसकटतात, असा सार्वत्रिक समज आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. नातेवाईक निर्दोष आहेत, दोष संदेशाच्या मसुद्यात असतो.

उदाहरण म्हणून असं एक घर धरू. देवळीला आजी आहे, तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं आहे. हजार पौर्णिमा मोजल्या तर ऐंशी वर्षं आणि वर साधारण दहा महिने होतात, पण कोणी ऐंशी पूर्ण झाली की करतात, कोणी एक्याऐंशीव्या वर्षात, आणि गुरुजींचीही फारशी हरकत नसते. म्हणजे लग्नासारखा घटिका-पळांचा हिशेब इथं नाही, तारीख बरीच ताणता येते. माणसाला वाटेल, मग तर काम सोपं झालं. प्रत्यक्षात तिथूनच ते अवघड होतं, कारण ताणता येणारी तारीख सगळेच ताणतात. मग भाच्याचा संदेश येतो. तो साधारण असा असतो :

“सगळ्यांना नमस्कार. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी आपण सगळे देवळीला जमायचं ठरवून राहिलो आहोत. तारखा : दिवाळीनंतरचा शनिवार-रविवार, नाहीतर डिसेंबरचा शेवटचा आठवडा, नाहीतर संक्रांतीच्या आसपास, नाहीतर मे महिना. विमान आणि रेल्वे दोन्ही पर्याय आहेत. खर्च सगळे मिळून वाटून घेऊ. ज्याला जे सोयीचं असेल ते मोकळेपणानं कळवावं.”

किती सभ्य संदेश आहे! आणि किती घातक. यात चार तारखा आहेत, दोन वाहनं आहेत, आणि खर्चाबद्दल एक असं वाक्य आहे की ज्याचे घरटी वेगळे अर्थ निघतात. मुदत नाही, आकडा नाही, आणि उत्तर न दिल्यास काय होईल याचा उल्लेख नाही. उत्तरं त्याच तोलाची येतात. पहिल्या अर्ध्या तासात सात अंगठे उमटतात. ते कुठल्या तारखेला उमटले हे उमटवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. आत्याबाई लिहितात, “खूप छान कल्पना, आईला फार आनंद होईल.” हिंगणघाटचे काकाजी लिहितात, “मे मध्ये नको, लय ऊन तपते.” सेलूचे मामाजी विचारतात, “विमानानं काऊन? विदर्भ एक्स्प्रेस काय बंद पडली का?” बंगळुरूची सून नम्रपणे लिहिते, “आम्ही बहुमतासोबत.” तिच्यापाठोपाठ आणखी चौघं बहुमतासोबत असल्याचं जाहीर करतात. अशा रीतीनं एकमतानं असं बहुमत तयार होतं की ज्यात मत कोणाचंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी गुलाबाच्या फुलासह सुप्रभात टाकतं आणि मूळ संदेश वर सरकून दिसेनासा होतो. तीन आठवड्यांनी भाचा विचारतो, “मग काय ठरलं?” आणि पहिलं उत्तर येतं, “अरे, तूच ठरव ना, आम्ही येऊन जाऊ.”

या सगळ्या काळात फुकट असते ती फक्त चर्चा. भाडं तिकडं आपल्या गतीनं चढत असतं. ते कसं चढतं हे कळलं की संदेश असा का लिहू नये हेही कळतं. एका विमानातल्या सगळ्या जागांना एक भाव नसतो. कंपनी जागांचे गट पाडते : इतक्या जागा या भावाला, त्या संपल्या की पुढच्या तितक्या वरच्या भावाला. लग्नातल्या पंगतीसारखंच आहे ते. चालू पंगतीत दोनच पाट रिकामे असले आणि आपण पाच जण एकत्रच बसणार म्हणून अडून राहिलो, तर पाचही जणांना पुढच्या पंगतीला थांबावं लागतं. संगणकही तेच करतो. पाच जागा एकदम मागितल्या आणि स्वस्त गटात दोनच उरल्या असल्या, तर तो दोन स्वस्त आणि तीन महाग असं सहसा सांगत नाही, पाचही जागांना वरचा भाव लावून मोकळा होतो. समजण्यापुरते आकडे घ्या. बंगळुरूहून नागपूरला यायला स्वस्त गटात ४,८०० रुपयांच्या दोन जागा आहेत आणि पुढचा गट ६,१०० चा आहे. पाच जणांचं एकत्र तिकीट ३०,५०० रुपयांना पडतं. आधी दोघांचं आणि लगेच तिघांचं काढलं तर ९,६०० आणि १८,३०० मिळून २७,९०० होतात. विमान तेच, तारीख तीच, माणसं तीच, आणि २,६०० रुपये वाचले. हे ओळखायची खूण सोपी आहे. आधी एका माणसाचं भाडं पाहावं, मग दोघांचं, मग तिघांचं. दरडोई आकडा ज्या संख्येला उडी मारतो, त्या संख्येच्या आधी तिकीट तोडावं.

तोडण्याला मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय हा सल्ला देणं बेजबाबदारपणाचं होईल. लहान मूल मोठ्या माणसाच्याच तिकिटात हवं, ते एकट्यानं वेगळ्या तिकिटावर टाकता येत नाही. तिकीटं दोन झाली की विमान कंपनीच्या लेखी ती दोन वेगळी कुटुंबं होतात. विमान रद्द झालं तर एका तिकिटाला सकाळची जागा मिळेल, दुसऱ्याला रात्रीची. आणि साइटवर एका वेळी साधारण नऊच नावं टाकता येतात. त्यापुढं कंपनीचा ग्रुप बुकिंगचा विभाग असतो. तिथं भाव सगळ्यांना एकच मिळतो, पण तो स्वस्त मिळेलच असं नाही. उलट दहा-बारा जागा एकदम मागितल्यामुळं तो अनेकदा सुट्या तिकिटांपेक्षा चढा असतो. तिथला खरा फायदा वेगळा आहे : थोडे पैसे भरून जागा धरून ठेवता येतात आणि नावं नंतर द्यायची मुभा बहुधा मिळते. ज्या घरात “माझं नक्की नाही, पण धरून ठेवा” म्हणणारे तीनाहून जास्त आहेत, त्या घरानं या विभागाकडं जरूर जावं.

पण आपल्या देवळीच्या घरात अजून कुणाचं काहीच नक्की नाही. कारण भाच्यानं मत मागितलं, आणि मत द्यायला आपल्याकडं काही पडत नाही. मागायला हवं होतं ते नाव. ओळखपत्रावर आहे तसं पूर्ण नाव, वय, आणि लहान मूल असेल तर जन्मतारीख. नुसता अंगठा दाखवणारा माणूस येईलच असं नाही, पण ज्यानं आधार कार्ड शोधून, चष्मा लावून, त्यावरचं नाव अक्षर न अक्षर टाइप करून पाठवलं, तो मनानं निघालेला असतो. शिवाय तिकिटाला हे नाव लागतंच, आणि घोटाळे तिथंच जास्त होतात. आपल्या बायकांची नावं आधारवर सासरची, पासपोर्टवर माहेरची आणि बँकेत तिसरीच असतात. काकाजींचं नाव ग्रुपवर ‘बंडूभाऊ’ असतं आणि आधारवर काय आहे ते काकूंनाही चटकन आठवत नाही. आडनाव आधी की नंतर, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, हे सगळं तिकीट काढायच्या क्षणी विचारायला गेलं तर पैसे भरायच्या पानाची वेळ संपते आणि पुन्हा उघडावं तर भाव बदललेला. मुलांच्या जन्मतारखेचंही तसंच. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसून थोडक्या पैशांत येतं. दोन पूर्ण झाली की त्याला आपली जागा आणि आपलं भाडं. आणि हे प्रत्येक प्रवासाच्या दिवशी मोजलं जातं. पुण्याच्या नातवाचा दुसरा वाढदिवस देवळीतच साजरा झाला, तर तो मांडीवर येईल आणि जागा घेऊन परत जाईल. केक आजीच्या अंगणात कापायचा की परत गेल्यावर पुण्यात, यात एका तिकिटाचा फरक आहे, आणि हा विचार करणाऱ्या बापाला कोणी कंजूष म्हणू नये.

आता तारीख. चार तारखा देऊन पसंती विचारण्याऐवजी एक साधा नियम लावावा : ज्याच्याकडं सगळ्यात कमी दिवस मोकळे आहेत, तारीख त्याच्या दिवसांतून ठरावी. मे महिना कागदावर इथल्या सगळ्यांना जमतो, शाळांना सुट्या असतात. पण वर्ध्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि विदर्भातल्या शाळा राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा उघडतात त्या याच उन्हामुळं. ऐंशी वर्षांच्या बाईला त्या उन्हात होमापुढं बसवणं हा सत्कार म्हणता येणार नाही. दिवाळीनंतरच्या शनिवारी परतीची तिकीटं वर्षातल्या सगळ्यात महागांपैकी असतात. संक्रांतीला हुरडा असतो, हवा छान असते, भाडीही उतरलेली असतात, पण न्यू जर्सीच्या तिघांची मुलं तेव्हा शाळेत बसलेली असतात. त्यांच्याकडं नाताळ ते नववर्ष एवढाच आठवडा आहे. बाकीच्यांना डिसेंबर गैरसोयीचा आहे, अशक्य नाही. न्यू जर्सीला बाकी सगळं अशक्य आहे. म्हणून डिसेंबरचा शेवटचा रविवार. इथं मतदान घेतलं असतं तर संक्रांत जिंकली असती आणि आजीला अमेरिकेची नातवंडं व्हिडिओ कॉलवर पाहावी लागली असती.

पण या निर्णयाला किंमत आहे आणि ती लपवू नये. डिसेंबरचा शेवटचा आठवडा महागडा असतो. जानेवारीत ज्या पुणेकरांना नागपूर स्वस्तात पडलं असतं, त्यांना आता माणशी दोनेक हजार जास्त मोजावे लागतील. ते मोजतात कोणासाठी? न्यू जर्सीच्या तिघांसाठी. मग जेवणाच्या खर्चातला मोठा वाटा न्यू जर्सीनं उचलावा, यात उपकार नाही आणि भीकही नाही, तो तारखेचा मोबदला आहे. हे मनात ठेवून बोलण्यापेक्षा संदेशात लिहिलेलं बरं. लिहिलं नाही तर तेच आत्याबाई देवळीच्या स्वयंपाकघरात भाजी निवडताना बोलतात आणि मग ते पुढची दहा वर्षं बोललं जातं.

खर्चाचं ते “सगळे मिळून वाटून घेऊ” हे वाक्य तर कायद्यानं बंद करायला हवं. त्याचे निदान तीन अर्थ होतात : घरागणिक समान, डोक्यागणिक समान, आणि ज्याला परवडतं त्यानं. ज्या घरात दोघं आहेत त्यांना डोक्यागणिक आवडतं, ज्या घरात सहा आहेत त्यांना घरागणिक, आणि तिसरा अर्थ नेहमी दुसऱ्याबद्दल सुचतो. खर्चाच्या थैल्याच वेगळ्या केल्या तर भांडण राहत नाही. आपल्या गावापासून नागपूर किंवा वर्ध्यापर्यंतचं तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. मंडप, गुरुजी, जेवण हे ताटागणिक, लहान मुलाचं अर्धं ताट. एकाच गावाहून दोन घरं मिळून तिकीटं तोडून काढणार असतील, तर ४,८०० चं कोणाला आणि ६,१०० चं कोणाला हा प्रश्न उगवू द्यायचा नाही. २७,९०० ला पाचनं भागून प्रत्येकी ५,५८०. स्वस्त जागा कोणाच्या कर्तृत्वानं मिळालेली नसते, तोडल्यामुळं मिळालेली असते, म्हणून ती सगळ्यांची.

उरते ती गाडी, आणि खरी गंमत गाडीत आहे. सोनेगावहून एक मोठी गाडी निघते, बुटीबोरीवरून सेलू, पुढं वर्धा आणि पुढं देवळी. आत सहा माणसं. एक मामाजी सेलूला उतरणार, दोघं वर्ध्याला, तिघं देवळीला. भाडं ४,२०० ठरलं असं समजू. सवयीनं सहांनी भागून ७०० रुपये प्रत्येकी घेतले जातात आणि मामाजी काही न बोलता देतात. सेलूचा माणूस अशा रीतीनं वर्षानुवर्षं देवळीपर्यंतचे पैसे देऊन अर्ध्या वाटेत उतरत आला आहे. यावर गणितात उत्तर आहे आणि योगायोगानं त्याचं नावच ‘विमानतळाचा प्रश्न’ आहे. लिटलचाइल्ड आणि ओवेन या दोघांनी १९७३ साली तो मांडला. धावपट्टी मोठ्या विमानासाठी लांब बांधावी लागते, छोट्याला तिचा पहिला तुकडाच पुरतो, मग खर्च कोणी किती द्यायचा? त्यांचं उत्तर असं की धावपट्टीचे तुकडे पाडा, आणि प्रत्येक तुकड्याचा खर्च तो तुकडा ज्यांना लागतो त्यांच्यातच सारखा वाटा. या उत्तराचा पाया लॉइड शॅप्ली यांच्या १९५३ च्या कामात होता. शॅप्लींना पुढं २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपली गाडी म्हणजे आडवी पडलेली धावपट्टीच. सेलूपर्यंतचे २,४०० सहांत : प्रत्येकी ४००. सेलू ते वर्धा ९००, ते उरलेल्या पाचांत : प्रत्येकी १८०. वर्धा ते देवळी ९००, ते तिघांत : प्रत्येकी ३००. म्हणजे मामाजींचे ४००, वर्धेकरांचे ५८०, देवळीकरांचे ८८०. बेरीज करून पाहा, ४,२०० च येतात. मामाजींचे ३०० रुपये वाचले आणि त्यासाठी नोबेलविजेत्याला देवळीच्या रस्त्यावर आणावं लागलं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की घरच्या माणसांत असा पै-पैचा हिशेब शोभत नाही. मला हा आक्षेप मनापासून मान्य असता, जर घरची माणसं हिशेब विसरणारी असती. पण ती विसरत नाहीत, फक्त बोलत नाहीत. तीनशे रुपये मामाजींना जड नसतात, आपण गृहीत धरले गेलो हे जड असतं. हिशेब उघड मांडला, तर मामाजी मोठ्या मनानं “राहू दे ना, मी सातशेच देतो” असं म्हणू शकतात आणि त्या मोठेपणाची नोंद होते. हिशेब न मांडता घेतलेल्या सातशेंत मोठेपणा करायला जागाच नसते. ज्याची खरोखर अडचण आहे, पेन्शनवर असलेल्या आत्याबाई किंवा नोकरी शोधत असलेला चुलतभाऊ, त्यांचं तिकीट मात्र ग्रुपवर चर्चेला आणायचं नाही. ते दोघा-तिघांनी आपसात काढून नुसतं पाठवायचं. उघड हिशेब आणि झाकलेली मदत, हे दोन्ही एका घरात व्यवस्थित नांदतात.

दुसरा आक्षेप मामाजींचाच, विदर्भ एक्स्प्रेसचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वर्धा हे हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन आहे, दक्षिणेकडं जाणाऱ्या बऱ्याच गाड्या शेजारच्या सेवाग्रामला थांबतात, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून अजनी-पुणे वंदे भारतही वर्ध्याला थांबते. मुंबईहून रात्री बसून सकाळी वर्ध्यालाच उतरणं आणि विमानानं नागपूरला उतरून गाडीनं येणं, यांतला फरक तिकिटावरच्या वेळेत दिसतो तेवढा नसतो. विमान आकाशात दीडएक तास असतं. त्याआधी घरून विमानतळ, दोन तास आधी हजर राहणं, उतरल्यावर बॅगेची वाट, मग पाऊणशे किलोमीटर रस्ता. दारापासून दारापर्यंत सहा-सात तास सहज जातात, आणि ते सगळे जागेपणी. रेल्वेचे बारा-तेरा तास झोपेत जातात. म्हणून मुंबईकरांसाठी रेल्वे हाच शहाणपणाचा पर्याय आहे, आणि विमान बंगळुरूकरांसाठी आणि ज्यांना रजा मोजून मिळते त्यांच्यासाठी. फक्त एक ध्यानात ठेवायचं. विमानाचं तिकीट कितीतरी महिने आधी काढता येतं, पण रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधीच उघडतं. म्हणजे डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी पोचायचं, तर आरक्षण ऑक्टोबरच्या अखेरीला एका सकाळी आठ वाजता उघडणार. त्या सकाळी मुंबईकरांपैकी एकानं फोन हातात घेऊन बसायचं आहे, हे संदेशात नावासह लिहिलेलं हवं. “कोणीतरी काढून घ्या” असं लिहिलं की साडेआठला सगळ्यांना वेटिंग मिळतं.

न्यू जर्सीकरांचा प्रश्न वेगळाच. ते हमखास मुंबईपर्यंतचं तिकीट तिकडून काढतात आणि मुंबई-नागपूर इकडून भाच्याला काढायला लावतात, कारण वेगळं काढलं की स्वस्त दिसतं. दोन तिकीटं वेगळी असली की पहिलं विमान उशिरा आलं तरी दुसऱ्याला त्याचं सोयरसुतक नसतं, ते निघून जातं आणि पैसेही नेतं. एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास असले, तर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी होते. सामानाचंही तेच. अमेरिकेहून बहुधा तेवीस किलोच्या दोन बॅगा आणता येतात, देशांतर्गत तिकिटावर साधारण पंधरा किलोच. मुंबईत इमिग्रेशन, बॅगा, कस्टम हे सगळं उरकून त्या बॅगा पुन्हा द्याव्या लागतात, आणि तिथं उरलेल्या तीसएक किलोंचे पैसे भरताना स्वस्त तिकिटाचा सगळा आनंद उतरतो. आजीसाठी आणलेलं एअर फ्रायर मग नातवंडांच्या पाठीवरच्या पिशवीतून देवळीला येतं.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा लाडका : “इतकी काय घाई, भाव उतरतील.” हंगाम नसताना मंगळवारच्या विमानाचे भाव क्वचित उतरतातही. पण नाताळच्या आठवड्यात स्वस्त गट एकदा संपला, की तो परत उघडायला कंपनीला काही कारण नसतं, कारण महाग गट घेणारे रांगेत उभेच असतात. आणि चौथा आक्षेप, की हा सगळा कारभार हुकूमशाहीचा झाला. झाला खरा. पण भाच्याची हुकूमशाही कोणी मानणार नाही, हे त्यालाही ठाऊक असावं. म्हणून संदेश लिहायचा त्यानं आणि टाकायचा काकाजींच्या फोनवरून. मसुदा एवढाच :

“आईचं सहस्रचंद्रदर्शन डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी देवळीला ठरलं आहे. न्यू जर्सीची मंडळी फक्त तेव्हाच येऊ शकतात, म्हणून ही तारीख, आणि म्हणून जेवणाचा अर्धा खर्च ते देऊन राहिले आहेत. वर्ध्यापर्यंत किंवा नागपूरपर्यंत ज्याचं त्यानं यायचं. तिथून गाडी आहे, तिचे पैसे ज्याच्या त्याच्या थांब्यापर्यंत. बाकीचं ताटागणिक. येणाऱ्यांनी आधार कार्डावरचं नाव, वय आणि माणशी हजार रुपये येत्या रविवारी रात्रीपर्यंत पाठवावे. मत पाठवू नये. ज्यांचं नाव आलं नाही त्यांच्यासाठी जेवण आहे, गाडीत जागा नाही.”

शेवटच्या वाक्यावर थोडा गहजब होतो, होऊ द्यावा. “गाडीत जागा नाही” हे वाचून रविवारी रात्री साडेअकराला जी नावं येतात, ती एरवी डिसेंबरात आली असती. हजार रुपये ही रक्कमही विचार करून ठरवलेली आहे. त्यात खर्च भागत नाही, पण ज्यानं ते पाठवले तो आयत्या वेळी “ऑफिसमध्ये जमत नाही” असं लिहिण्याआधी दोनदा विचार करतो. रद्द झालेल्या विमान तिकिटातून परत काय मिळतं ते एकदा वाचलं, तर तिसऱ्यांदाही करतो. स्वस्त तिकिटावर रद्द करण्याचं शुल्क बरेचदा भाड्याच्या जवळपास जातं आणि हातात परत येतात ते मुख्यतः कर.

परतीच्या दिवशी मात्र कितीही चांगला मसुदा कामाला येत नाही. आजी प्रत्येकाच्या हातात वर्ध्याच्या गोरसपाकाचे डबे देते, काकू वरून सांडगे आणि लोणचं देतात, आणि सोनेगावच्या काउंटरवर पंधरा किलोचा काटा अठरावर जाऊन थांबतो. मग तिथल्या तिथं बॅगा उघडतात. डबे एका बॅगेतून दुसरीत, दुसरीतून हातातल्या पिशवीत जातात, लोणचं हातातल्या पिशवीतून पुन्हा मोठ्या बॅगेत येतं, कारण ते सुरक्षा तपासणीत अडवलं जाऊ शकतं. ज्याच्या बॅगेत सगळ्यांचे डबे चढले त्याला जादा वजनाचे पैसे भरावे लागतात. ते डबा खाणाऱ्यानं द्यायचे की वाहणाऱ्यानं, हे लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी सोडवलेलं नाही. भाचा ते ग्रुपवर विचारतो. सात अंगठे येतात.